‘संयुक्त’ महाराष्ट्र आणि ‘द्विभाषिक’

प्रश्न : संयुक्त महाराष्ट्रात ‘संयुक्त’ कशाला, नुसतं महाराष्ट्र का नाही? आणि आजोबा ‘द्विभाषिकाच्या काळात’ म्हणायचे ते काय?

‘संयुक्त’ला अर्थ होता हो, कारण तेव्हा मराठी मुलूख तीन सरकारांत वाटलेला होता. पुणे-कोकण-खानदेश वगैरे मुंबई राज्यात, विदर्भाचे आठ जिल्हे मध्य प्रदेशात (राजधानी नागपूरच, तरी पलीकडे सगळा हिंदी भाग) आणि मराठवाड्याचे पाच हैदराबादेत. म्हणून ‘अखंड’ नाही, ‘संयुक्त’: आधी तुकडे, मग जोडणी. १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनातही हीच मागणी झाली होती.

दिल्लीला हे भाषावार प्रकरण नकोच होतं. पण डिसेंबर १९५२ मध्ये वेगळ्या आंध्र राज्यासाठी उपोषणाला बसलेले पोट्टी श्रीरामुलू त्यातच वारले, मद्रासच्या तेलुगू भागात भडका उडाला आणि १ ऑक्टोबर १९५३ ला आंध्र राज्य द्यावंच लागलं. एकाला दिल्यावर बाकीचे गप्प कसे बसणार, म्हणून मग राज्यांच्या पुनर्रचनेसाठी फाजल अली आयोग.

आता ‘द्विभाषिक’. व्याकरणाने हे विशेषण, पण पुढचा ‘राज्य’ शब्द बोलता बोलता गळाला आणि त्याचं नाम झालं, म्हणून ‘द्विभाषिकात’, ‘द्विभाषिकाच्या काळात’. आयोगाने १९५५ मध्ये सुचवलं की मराठी-गुजराती मिळून एकच मुंबई राज्य ठेवा, त्यात मराठवाडा घाला पण विदर्भ वेगळा. यावर मराठी माणूस भडकला, मग मुंबई केंद्राकडे ठेवून महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे करायचं ठरलं, त्यावर तर मुंबईत गोळीबारात माणसं गेली, चिंतामणराव देशमुखांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं. शेवटी १ नोव्हेंबर १९५६ ला जे आलं त्यात विदर्भ, सौराष्ट्र, कच्छ सगळंच कोंबलेलं, म्हणून ते ‘विशाल द्विभाषिक’. यातलं ‘विशाल’ मला नेहमी जरा टोमण्यासारखं वाटतं, पण ते माझं मत.

त्याच दिवशी हैदराबाद राज्य संपलं: तेलुगू भाग आंध्रात, कन्नड म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, मराठवाडा इकडे.

गंमत बघा, म्हणजे विदर्भ, मराठवाडा आणि बाकीचा महाराष्ट्र १९५६ लाच एका राज्यात आले होते, शब्दशः बघितलं तर ‘संयुक्त’ बरंचसं झालं होतं! तरी चळवळ थांबली नाही, उलट १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला आडवं केलं. कारण भांडण जोडणीपुरतं उरलंच नव्हतं, आता स्वतःचं मराठी राज्य हवं होतं आणि तेही मुंबई घेऊन. तिकडे गुजरातलाही स्वतःचं वेगळं राज्य, महागुजरात, हवंच होतं, त्यामुळे १ मे १९६० ला द्विभाषिक फुटलं.

तेव्हा चळवळीच्या घोषणेत ‘संयुक्त’इतकंच ‘सह’कडे बघा: ‘मुंबई, बेळगाव, कारवार, निपाणीसह’. या चारांतली मुंबई तेवढी मिळाली, बाकीचे तीन १९५६ लाच म्हैसूरात गेले होते. बेळगाव-निपाणीकडचे मराठी लोक अजून स्वतःला ‘सीमाभागातले’ म्हणतात, तो शब्दही या वादातच रुळला.