कुकीज मोजून करा, पण कच्च्या की भाजलेल्या ते आधी ठरवा

"रेसिपीत एका बॅचमध्ये ३० कुकीज लिहिल्यात, माझ्या २१ च होतात आणि ट्रेमध्ये एकमेकींना चिकटतात. पुढच्या आठवड्यात ५० ची ऑर्डर आहे. एक पीस किती ग्रॅमचा घ्यायचा आणि डो किती करायचा?"

अगदी माझाच तीन वर्षांपूर्वीचा प्रश्न. मी घरून ऑर्डर घेते, साधा ओटीजी आहे, त्यामुळे माझे आकडे चॉकलेट चिप कुकीजचे आणि माझ्या ओव्हनचे आहेत. नानकटाईला हे जसेच्या तसे लावू नका, ती फार पसरत नाही.

रेसिपीतला ३० हा आकडा सोडूनच द्या. तो लिहिणाऱ्याचा चमचा केवढा होता त्यावर असतो. माझ्या एका बॅचमध्ये बटर ११५, दोन्ही साखरा मिळून २००, एक अंडं साधारण ५०, मैदा १८०, चिप्स १५० आणि मीठ-सोडा धरून सगळं ७०० ग्रॅम होतं. त्यातलं दहाएक ग्रॅम भांड्याला आणि हाताला राहतं, म्हणजे धरायचे ६९०. याच्या २१ केल्या तर एक ३३ ग्रॅमची, ३० केल्या तर २३ ग्रॅमची. तुमचा डो एकदा वजन करून बघा, बहुतेक तुमचे गोळेच मोठे होतायत, बाकी काही चुकत नाहीये.

आता माझी चूक सांगते, कारण तुमची ऑर्डर आहे म्हणून काळजी वाटते. दिवाळीला एका ऑफिसची ६० कुकीजची ऑर्डर होती, २५० ग्रॅमचे सहा बॉक्स, प्रत्येकात दहा. ज्या क्लासला मी गेले होते तिथल्या कागदावर "२५ ग्रॅमचे पीस" एवढंच लिहिलेलं, मी एकेक गोळा काट्यावर ठेवून अगदी बरोब्बर २५ चा केला. भाजून गार झाल्यावर बॉक्स वजन केला तर २२०! पाणी उडून जातं ना, एकेक कुकी २२ ची झाली होती आणि लेबलवर छापलं होतं २५० ग्रॅम. रात्री साडेअकराला परत बटर बाहेर काढलं आणि प्रत्येक बॉक्समध्ये दोन कुकीज जास्त घातल्या, त्या बारा कुकीजचा माल आणि अख्खी रात्र माझ्या खिशातून. क्लासला फोन केला तर उत्तर आलं की "तेवढं अंदाजाने धरायचं असतं". अहो, लेबलवर नेट वजन छापतो आपण, तिथे अंदाज कसा चालेल? याचा मला अजूनही राग येतो, कारण फी घेऊन शिकवताना कच्चं की भाजलेलं हा एक शब्द लिहायला काय जातं.

तर करायचं असं. आधी एक ट्रे भाजा, भाजायच्या आधी आणि पूर्ण गार झाल्यावर वजन करा. माझे ८ गोळे २०० चे १७६ होतात, म्हणजे १२ टक्के घट. मऊ ठेवल्या तर घट कमी, कुरकुरीत केल्या तर जास्त, म्हणून माझा टक्का घेऊ नका, तुमचा काढा. भाजून २५ हवी तर २५ भागिले ०.८८ म्हणजे २८.४, मी २९ घेते. तुमच्या ५० ला मग १४५० लागेल. दोन बॅचमध्ये १३८० च येतो, म्हणून सरळ तीन करा, अंडं अर्धं करत बसू नका, उरलेले गोळे फ्रीजरमध्ये टाका.

चिकटण्याचं बघा. त्याच ट्रायल ट्रेमधली गार कुकी पट्टीने मोजा. माझी २९ ग्रॅमची साडेसात सेंटीमीटर पसरते, मग दोन गोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत साडेनऊ तरी हवं आणि ट्रेच्या कडेपासून मध्य पाच. माझा ट्रे आतून ३२ बाय २६ आहे, सरळ ओळी लावल्या तर ३ आणि ३ अशा सहाच बसतात, पण ३-२-३ अशा मधली ओळ सरकवून लावल्या की आठ बसतात. बटर पेपरवर पेन्सिलने खुणा करून तो कागद उलटा घालते, एकदा केलेला कागद पुढेही वापरता येतो.

आणि दुसरी खेप गरम ट्रेवर कधीच लावू नका, ओव्हनमध्ये जायच्या आधीच बटर वितळायला लागतं आणि नीट अंतर ठेवूनही चिकटतात. दोन ट्रे आलटून पालटून वापरा, नाहीतर नळाखाली गार करून पुसून घ्या. शेवटच्या ट्रेमध्ये तीनचारच उरल्या तर त्या लवकर लाल होतात, मी दोन मिनिटं आधीच बघायला लागते.