घर सोडलं, पण कर्ज सुटलं का?

“आम्ही वर्षभर वेगळे राहतोय, आता परस्परसंमतीने घटस्फोट घेतोय. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे आणि होम लोनही. नवरा म्हणतो, ‘तू हक्कसोडपत्रावर सही कर, पुढचे हप्ते मी भरतो.’ कोर्टाच्या कागदातही तसंच लिहिणार आहेत. मग माझा कर्जाशी संबंध संपतो ना?”

नाही संपत, ताई. बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत सही करू नका. असं का म्हणते, ते माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या अनुभवातून सांगते. त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

दोघंही पुण्यात नोकरी करणारे. ६५ लाखांचा फ्लॅट. १५ लाख त्याच्या वडिलांनी दिले, ५० लाखांचं कर्ज दोघांनी मिळून काढलं. मुदत २० वर्षं, व्याज साडेआठ टक्के, हप्ता सुमारे ४३,४०० रुपये. दोघांच्या नावावर घेण्यामागे करबचतीचा हिशेब होता, आणि तो बरोबरच होता. पहिल्या वर्षी या कर्जावर सव्वाचार लाखांच्या आसपास व्याज जातं. राहत्या घरासाठी व्याजाची वजावट एका माणसाला जास्तीत जास्त २ लाख मिळते, म्हणजे एकट्याच्या नावावर निम्म्याहून जास्त व्याज वाया गेलं असतं. दोघांनी मिळून ४ लाख वजावट घेतली, शिवाय मुद्दलापोटी प्रत्येकाला कलम ८०सीच्या दीड लाखाच्या मर्यादेत वेगळी. हे सगळं जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत राहत्या घराला यातलं काही मिळत नाही. आणि वजावट घ्यायची तर करारात सहमालक, कर्जात सहकर्जदार आणि हप्त्यात आपला खरा पैसा, हे तिन्ही लागतं. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा, या बाई दरमहा आपला वाटा त्याला ट्रान्सफर करायच्या. पुढे त्या नोंदी कामी आल्या.

चौथ्या वर्षी संसार मोडला. भांडण नव्हतं, दोघंही थकले होते. समझोत्यात लिहिलं गेलं की फ्लॅट नवऱ्याचा, उरलेलं कर्ज तो फेडेल, पत्नी हक्क सोडेल. बाईंनी घराच्या बदल्यात एक पैसाही मागितला नाही. घटस्फोटाचा हुकूम झाला, नंतर हक्कसोडपत्र नोंदवलं आणि त्या भाड्याच्या घरात राहायला गेल्या.

चौदा महिन्यांनी स्वतःसाठी छोटं घर घ्यायला दुसऱ्या बँकेत गेल्या, तेव्हा अर्ज नाकारला गेला. क्रेडिट रिपोर्टमध्ये ते कर्ज जसंच्या तसं त्यांच्या नावावर दिसत होतं, आणि वर दोन हप्ते थकीत. माजी नवऱ्याची नोकरी गेली होती, पण त्याने कळवलं नव्हतं. बँकेचे संदेश त्याच्याच मोबाइलवर जात होते.

माझ्यासमोर बसून त्या एकच वाक्य परत परत म्हणत होत्या, “कोर्टाने लिहून दिलंय ना!” कोर्टाने लिहिलं होतं, पण ते नवरा-बायकोच्या आपसातल्या देण्याघेण्याबद्दल. बँक त्या खटल्यात पक्षकार नव्हती. कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या होत्या, आणि सहकर्जदाराची जबाबदारी निम्म्या रकमेची नसते, पूर्ण रकमेची असते. बँक दोघांपैकी कुणाकडूनही सगळी बाकी मागू शकते. घर कुणाकडे गेलं याने तिचा हक्क बदलत नाही. बाईंनी घरावरचा हक्क सोडला होता, देणं मात्र त्यांच्याकडेच राहिलं होतं.

आधी थकबाकी थांबवायची होती. ९० दिवस उलटले की खातं अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरतं आणि त्यानंतर तारण घर ताब्यात घेऊन विकण्याचा हक्क बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस दोघांनाही येऊ शकते. बाईंनी दोन हप्ते, ८६,८०० रुपये, स्वतः भरले. भारतीय करार कायद्याप्रमाणे एका सहकर्जदाराने आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलेली रक्कम दुसऱ्याकडून वसूल करता येते, आणि इथे तर समझोत्यात संपूर्ण जबाबदारी त्यानेच घेतली होती. पैसे भरल्याच्या पावत्या आणि समझोत्याची प्रत वकिलाने पाठवली, त्याने पुढे ते पैसे परत केले. तो वाईट माणूस नव्हता. अडचणीत होता, आणि सांगायची लाज वाटत होती.

मग खरं काम, नाव काढणं. बँक फक्त विनंतीवरून नाव काढत नाही. उरलेला एकटा माणूस कर्ज पेलू शकतो का, हे नव्याने तपासते. त्याला नवी नोकरी लागली होती, हातात ७० हजार. बँकेने निम्मा पगार हप्त्यासाठी धरला, म्हणजे ३५ हजार. बाकी होती सुमारे ४४ लाख. (पाच वर्षांत २६ लाख भरूनही मुद्दल जेमतेम ६ लाखांनी कमी झालं होतं. सुरुवातीचे हप्ते बहुतेक व्याजातच जातात, हे अनेक जोडप्यांना समझोत्याच्या टेबलावर पहिल्यांदा कळतं.) उरलेल्या १५ वर्षांत ३५ हजारांच्या हप्त्यात साडेपस्तीस लाखांचंच कर्ज बसत होतं. वरचे साडेआठ लाख त्याने एफडी मोडून आणि वडिलांची मदत घेऊन भरले, तेव्हा बँकेने बाईंचं नाव वगळल्याचं पत्र दिलं. एवढे पैसे उभे राहिले नसते तर पात्र नातेवाइकाला सहकर्जदार घ्यावं लागलं असतं, नाहीतर फ्लॅट विकावा लागला असता.

हेच सगळं घटस्फोटाआधी करता आलं असतं, ही माझी खंत आहे. परस्परसंमतीच्या अर्जात पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात साधारण सहा महिने असतात. बँकेची फेरतपासणी तेवढ्यात होते. म्हणून तुमच्या समझोत्यात असं लिहून घ्या: अमुक तारखेपर्यंत नवरा बँकेकडून तुमचं नाव वगळल्याचं पत्र आणेल, हक्क सोडण्याचा दस्त त्यानंतरच होईल, आणि पत्र आलं नाही तर फ्लॅट विकून आधी कर्ज फेडलं जाईल. दुसऱ्या टप्प्याची सही त्या पत्रानंतर करा.

आधी केल्याने आणखी एक खर्च वाचतो. महाराष्ट्रात पती-पत्नीत राहत्या घराचं बक्षीसपत्र नाममात्र मुद्रांक शुल्कात होतं, स्थानिक अधिभार वेगळा. घटस्फोटानंतर ते नातं उरत नाही. या बाईंच्या हक्कसोडपत्रावर निम्म्या हिश्शाच्या बाजारमूल्याप्रमाणे विक्रीइतकंच शुल्क लागलं, दोन लाखांच्या वर. मात्र हिश्शाच्या बदल्यात पैसे घेणार असाल, तर ते बक्षीस ठरत नाही. आणि कर्ज चालू असताना कोणत्याही दस्ताला बँकेची लेखी संमती लागते.

विक्रीची वेळ आली तर ताबा कधी मिळाला ते पाहा. ताबा मिळालेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांच्या आत घर विकलं, तर ८०सीखाली मुद्दलापोटी घेतलेली वजावट विक्रीच्या वर्षीच्या उत्पन्नात परत जोडली जाते. व्याजाच्या वजावटीला हा नियम नाही.

आजच बँकेत जाऊन कर्जखात्याला तुमचा मोबाइल नंबरही जोडून घ्या. तुम्ही हप्त्यात वाटा देणं थांबवलं असेल, तर त्या महिन्यापासून वजावटही घेऊ नका. आधी पाठवलेल्या रकमांचे बँक उतारे जपून ठेवा. वाटा किती यावर वाद झाला तर तेच पुरावे असतात.

त्या बाईंना नाव निघाल्यावर काही महिन्यांनी घरासाठी कर्ज मिळालं. या वेळी त्या एकट्याच अर्जदार होत्या, आणि अर्जाआधी क्रेडिट रिपोर्ट काढून माझ्याकडे घेऊन आल्या होत्या. जुनं कर्ज त्यात कुठेच चालू दिसत नव्हतं.