मित्राच्या घरी पाठवायचा डबा आणि चार ओळींची चिठ्ठी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मित्राचे वडील जाऊन तीन दिवस झाले आहेत, नाशिकला त्याच्या घरी काय न्यावे आणि काय लिहावे ते सुचत नाही, असे तू लिहिले आहेस. भेट फुलांची असावी की पुस्तकाची, हा तुझा प्रश्न मी जरा बाजूला ठेवतो, कारण सुतकाच्या दहा दिवसांत त्या घराला यांपैकी कशाचीच गरज नसते. घर नातेवाइकांनी भरलेले असते, स्वयंपाक शेजारून किंवा जवळच्या नातलगांकडून येतो आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून त्यात खंड पडू लागतो. म्हणून तू डबा ने, आणि तोही पाचव्या दिवशी.

त्याआधी मित्राला न विचारता त्याच्या चुलतभावाला फोन कर. घरात किती माणसे आहेत आणि काय चालते, एवढेच विचार. काही घरांत या दिवसांत फोडणीचे किंवा हळदीचे चालत नाही, काही ठिकाणी बाहेरचे अन्न घेतच नाहीत, तर काही घरांत यातले काहीच पाळत नाहीत. आपण अंदाज बांधू नये. चालत असेल तर आठ माणसांना पंचवीस पोळ्या, कांदा-लसूण न घातलेली एखादी सुकी भाजी आणि मुगाच्या डाळीची खिचडी पुरेशी होते. गोड काही नको. ते तेराव्याला होईल. अन्न चालणार नसेल तर अर्धा किलो चहा आणि दोन किलो साखर ने, कारण मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांचा चहा दिवसभर सुरू असतो आणि दुकानात जायला कोणाला सुचत नाही.

डबा घरातला स्टीलचा देऊ नकोस. आपल्याकडे रिकामा डबा परत पाठवत नाहीत, त्यामुळे तुझा डबा त्या माउलीच्या ओट्यावर एक काम होऊन बसेल. परत करावा लागणार नाही अशा साध्या डब्यात दे आणि तसे चिठ्ठीत लिही. अ‍ॅपवरून पाठवायचा मोह होईल, पण मग तो पोहोचवणारा पत्ता विचारायला आणि ओटीपी मागायला तुझ्या मित्रालाच फोन करणार. दार उघडेल त्याच्या हाती डबा दे, आत बोलावले तर पाच मिनिटे बस आणि निघताना ‘येतो’ म्हणू नकोस.

आता चिठ्ठी. पाकीट साधे पांढरे घे; घरात पडलेले रुपया चिकटवलेले आहेराचे पाकीट घाईत उचलले जाते, तेवढे सांभाळ. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ हे वाक्य त्याच्या फोनवर आतापर्यंत शंभरदा येऊन गेले असेल. त्याऐवजी तू मला जे लिहिलेस तेच त्याला लिही. मी जुळवून पाहिले ते असे:

‘काकांचे कळले, फार वाईट वाटले. बारावीच्या अभ्यासाला मी तुमच्याकडे यायचो तेव्हा ते रात्री न बोलता दोन कप चहा टेबलावर ठेवून जायचे, ते सारखे आठवते आहे. डबा परत द्यायचा नाही. उत्तरही पाठवू नकोस. रविवारी सकाळी मी बँकेच्या आणि दाखल्यांच्या कामासाठी मोकळा आहे, हवा असेन तर फक्त “ये” एवढे कळव.’

यात प्रश्न एकही नाही, हे पाहा. ‘कसे झाले?’, ‘आई कशी आहे?’ असे विचारले की त्याला पुन्हा सगळे सांगत बसावे लागते. ‘काही लागले तर सांग’ हेही मी मुद्दाम टाळले आहे, कारण त्यात काय लागते ते शोधण्याचे काम त्याच्याच गळ्यात पडते. दिवस आणि काम नेमके सांगितले की त्याला फक्त हो किंवा नाही ठरवायचे उरते. तुझे आजोबा गेले तेव्हाचे दुःख यात आणू नकोस. ‘वय झाले होते, सुटले’ हे तर मुळीच लिहू नकोस. ते म्हणायचे असेल तर घरचे म्हणतील.

टिकणारी वस्तू द्यायची तुझी इच्छा आहे, तर ती तेरावा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर दे. तुझ्या फोनमध्ये सहलीचा तो फोटो आहे, ज्यात काका कडेला उभे राहून हसत आहेत. तो स्टुडिओतून पोस्टकार्डाएवढा छापून घे, चौकट करू नकोस आणि हार घातलेल्या फोटोसारखा मोठाही करू नकोस. पाकिटात घालून दे आणि हवे तेव्हा उघड, असे सांग. त्याच्यादेखत उघडायचा आग्रह नको.

यंदा त्यांच्याकडे दिवाळीचा फराळ होणार नाही. तुझ्या आईला आतापासूनच सांगून ठेव, चकल्या आणि चिवडा थोडा जास्त करायला. तो लक्ष्मीपूजनाच्या आधी नेऊन दे, आणि त्या वेळी चिठ्ठी नसली तरी चालेल.

तुझा काका