गरोदरपणातील मधुमेह आणि एकत्र कुटुंबाचा स्वयंपाक: घरच्यांना काय लिहावे?

प्रश्न: मला सातव्या महिन्यात गरोदरपणातील मधुमेह असल्याचे निदान झाले आहे. आम्ही एकत्र कुटुंबात राहतो आणि स्वयंपाक सासूबाई व मोठ्या जाऊबाई करतात. पुढचे काही महिने जेवणात बदल करावा लागेल, हे घरच्यांना संदेशातून कसे समजावू आणि त्यांच्याकडे कोणती मदत मागू?

उत्तर:

मी एका प्रसूतिगृहात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि असे संदेश लिहायला अनेक जणींना मदत केली आहे. निदानाची बातमी घरी केवळ ‘डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे’ एवढ्याच शब्दांत पोहोचली, तर बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर काळजीपोटी भात, पोळी, फळे सगळेच बंद होते आणि गरोदर बाई अर्धपोटी राहते. नाही तर ‘दोन जिवांची आहे, एका लाडवाने काय होते’ असे म्हणत ताटात गोड येतच राहते. म्हणून संदेशात आधी कारण यावे, आणि मग मागणी इतकी नेमकी असावी की उद्या सकाळी काय वेगळे करायचे, हे स्वयंपाक करणारीला वाचताक्षणी कळावे. कऱ्हाडजवळच्या एका एकत्र कुटुंबातील सुनेसाठी तयार केलेला संदेश खाली देते. त्यातील प्रमाणे तिच्या वजनाप्रमाणे ठरवलेली होती. तुमची प्रमाणे तुमच्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्या.

“आई, बाबा, दादा, वहिनी, सर्वांना नमस्कार. परवा ग्लुकोजचे पाणी प्यायल्यानंतर दोन तासांनी माझी साखर 162 आली. गरोदरपणात या तपासणीत ती 140 च्या आत असावी लागते. वारेतून निघणाऱ्या संप्रेरकांमुळे या महिन्यांत इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, आणि ज्या बाईच्या शरीराला जास्तीचे इन्सुलिन तयार करणे जमत नाही, तिची साखर वाढते. हे कोणाच्या हातच्या जेवणाने झालेले नाही. बाळंतपणात वार पडल्यानंतर बहुतेक जणींची साखर पूर्ववत होते, म्हणून हे बदल मुख्यतः पुढच्या तीन महिन्यांपुरते आहेत.

माझ्या रक्तातील साखर वारेतून बाळापर्यंत जाते, माझे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाला स्वतःचे इन्सुलिन जास्त तयार करावे लागते, त्याचे वजन प्रमाणाबाहेर वाढू शकते आणि प्रसूती अवघड होऊ शकते. नाळ कापल्यावर माझ्याकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचे इन्सुलिन काही काळ चढेच राहते, त्यामुळे जन्मानंतरच्या पहिल्या तासांत त्याची साखर एकदम उतरण्याचा धोका असतो. माझी साखर आटोक्यात राहिली, तर हे धोके पुष्कळ कमी होतात.

माझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करू नये, ही पहिली विनंती. घरात जे होईल तेच मी जेवेन. फक्त माझे प्रमाण आणि वेळ ठरलेली असेल. दुपारी आणि रात्री दोन मध्यम पोळ्या, किंवा एक पोळी आणि अर्धी वाटी भात. सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर भाजी, कोशिंबीर आणि दही. भातासाठी रोज एकच वाटी वापरू या, म्हणजे अंदाज चुकणार नाही. वहिनी, आमटीत गूळ घालण्यापूर्वी माझी वाटी बाजूला काढून ठेवा, आणि माझा चहा बिनसाखरेचा करा.

सकाळचे पोहे, उपमा आणि साबुदाण्याची खिचडी मी सध्या घेणार नाही. त्याऐवजी मुगाची दोन धिरडी, किंवा मोडाच्या मटकीची उसळ आणि एक पोळी, किंवा दोन अंडी आणि एक पोळी चालेल. अकरा आणि पाच वाजता मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे, ताक, अथवा एक पेरू एवढे खाईन. रात्रीचे जेवण आठपर्यंत मिळावे, आणि झोपताना मी अर्धा कप बिनसाखरेचे दूध घेईन. संकष्टीचा उपवास या काळात मी धरणार नाही. आई, याबद्दल आपण आधी बोललो आहोतच.

जेवल्यानंतर पंधरा मिनिटे मला चालायचे आहे. रात्री कोणी सोबत आले तर बरे होईल. डोहाळजेवणाचा कार्यक्रम जरूर करू या, मात्र येणाऱ्या पाहुण्यांना पेढ्यांऐवजी फुले आणायला सांगा. ‘एवढे एकच घे’ असा आग्रह कोणी करू नये. आणि यंत्रावरचा आकडा एखाद्या दिवशी जास्त आला, तर स्वयंपाकात कोणाचे काय चुकले, याची चर्चा करू नये.”

या संदेशातील न्याहारीच्या परिच्छेदावर सर्वांत जास्त भर द्यावा, असे माझे मत आहे. शरीरातील काही संप्रेरके पहाटेपासून वाढलेली असतात, त्यामुळे गरोदरपणात सकाळी इन्सुलिनला होणारा विरोध दिवसभरात सर्वांत जास्त असतो. दुपारी पचून जाणारे पोहे सकाळी साखर चढवतात, ते यामुळेच. या सुनेने पहिल्या आठवड्यात बशीभर पोहे आणि साखरेचा चहा घेतला, तेव्हा दोन तासांनंतर साखर 158 आली. आमचे लक्ष्य 120 च्या आत होते. पोहे निम्मे केले आणि चहातील साखर काढली, तरी आकडा 134 वर अडला. मटकीची उसळ आणि एक पोळी सुरू केल्यावर तो 112 च्या आसपास आला. तिच्या सासूबाईंनी हे आकडे एका वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवले होते, आणि मला वाटते, माझ्या कोणत्याही समजावण्यापेक्षा त्या वहीनेच त्यांची खात्री पटवली. तुमच्या घरीही अशी वही स्वयंपाकघरात ठेवा. एका बाजूला काय आणि किती खाल्ले ते लिहा, दुसऱ्या बाजूला पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजलेली साखर लिहा. असे केल्याने कोणता पदार्थ तुम्हाला सोसतो, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

घरात दोन समजुती हमखास पुढे येतात आणि त्यांचे उत्तर तयार असावे. गूळ आणि मध साखरेपेक्षा नैसर्गिक वाटले, तरी रक्तातील साखर तेही वाढवतात. तसेच ज्वारीची भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, असे नाही. भाकरीत तंतू अधिक असल्याने ती मैद्याच्या किंवा पांढऱ्या भाताच्या तुलनेत बरी, पण तीही पिष्टच आहे, आणि मोठ्या आकाराच्या दोन भाकऱ्यांनी आकडा सहज चढतो. मध्यम पोळी आणि अर्धी वाटी शिजलेला भात यांतील पिष्टाचे प्रमाण साधारण सारखेच, 15 ते 20 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून एकाच्या जागी दुसरे घेता येते. मात्र पोळ्या पोटभर खाऊन वर भातही घेतला, तर तो अदलाबदल राहत नाही. ताटात आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण खाऊन मग पोळी किंवा भात घेतल्यास साखर हळू चढते. हा बदल करायला काहीच खर्च लागत नाही, त्यामुळे वाढणाऱ्या व्यक्तीलाही तो क्रम सांगून ठेवा.

उपाशीपोटीच्या आकड्याबद्दल घरच्यांना वेगळे सांगणे आवश्यक आहे. तो 95 च्या आत असावा लागतो, आणि अनेकदा जेवण अगदी नेमके असूनही तो 100 किंवा 105 येतो, कारण रात्रभर यकृत रक्तात साखर सोडत असते आणि वारेच्या संप्रेरकांमुळे शरीराला ती आवरता येत नाही. अशा वेळी रात्रीचा भात आणखी कमी करण्याची घाई घरात होते, ती थांबवावी. फार कमी खाल्ले, तर शरीर चरबी जाळू लागते, लघवीत कीटोन येतात, आणि वजनही अपेक्षेप्रमाणे वाढत नाही. चक्कर, सतत भूक किंवा वजन घटणे ही लक्षणे दिसली, तर आहार जास्त कापला गेला आहे असे समजून डॉक्टरांना विचारावे.

आहार आणि चालणे सुरू करून साधारण दोन आठवड्यांनीही आकडे लक्ष्याबाहेर राहिले, तर डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करतात. हे आधीच घरी सांगून ठेवावे, कारण इन्सुलिनचे नाव निघताच स्वयंपाक करणाऱ्या बाईला आपण कमी पडलो असे वाटते. वार जसजशी वाढते तसतसा इन्सुलिनला होणारा विरोधही वाढतो, आणि काही जणींना उत्तम आहार असूनही औषध लागतेच. इन्सुलिन सुरू झाले, तर घरच्यांकडून आणखी एक मदत लागेल. टोचून घेतल्यानंतर जेवणाला उशीर होता कामा नये. घाम, थरथर, धडधड किंवा एकाएकी आलेली घेरी दिसली आणि यंत्रावर 70 च्या खाली आकडा आला, तर त्या वेळी मात्र तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे आणि त्यानंतर काही खायला द्यायचे. घरातील प्रत्येकाला हे माहीत असावे, आणि साखरेचा डबा पूर्ण हद्दपार करू नये, ते यासाठीच.

बाळंतपणानंतरचे जेवणही आताच ठरवून ठेवा, कारण डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर यांची तयारी आठव्या महिन्यापासूनच सुरू होते. ते पूर्ण बंद करण्याची गरज सहसा नसते. मात्र गुळाचे प्रमाण निम्म्यावर आणून, लाडू लहान वळून, दिवसातून एकापुरतेच ठेवावेत. प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी 75 ग्रॅम ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. बाळाच्या गडबडीत ती सर्रास राहून जाते, म्हणून बाळाच्या दीड महिन्याच्या लसीकरणाची तारीख ठरेल तेव्हा, त्याच सुमारास आपली तपासणीही व्हावी, याची आठवण ठेवण्याचे काम घरातील एका व्यक्तीकडे नाव घेऊन सोपवा. ही तपासणी उपाशीपोटी सुरू होते आणि तिला दोन तास लागतात, तेवढा वेळ बाळाला सांभाळायला सोबत कोण येणार, हेही संदेशात लिहिता येईल.