नवीन सिम, वायफायवर नेट चालतं पण मोबाइल डेटा नाही: एपीएन तपासा

प्रश्न: नंबर बीएसएनएलला पोर्ट केला. नवीन सिमवर फोन लागतात, मेसेज येतात, पण वायफाय बंद केलं की नेट बंद. मोबाइल डेटा चालू आहे, पॅकही आहे. अँड्रॉइड फोन. सिम बदलून घेऊ का?

उत्तर: सिम बदलायची घाई करू नका. फोन लागतायत म्हणजे सिम सुरू झालंय. व्हीपीएन किंवा डीएनएसची भानगड असती तर ती बहुधा वायफायवरही दिसली असती. दोन सिमचा फोन असेल तर डेटासाठी नवीन सिमच निवडलंय ना, एवढं आधी बघा.

ते बरोबर असेल तर संशय एपीएनवर. कंपनीच्या नेटवर्कमधून इंटरनेटकडे कोणत्या दारानं जायचं, ते नाव फोनला सांगावं लागतं. सिमच्या आतल्या ओळख क्रमांकाचे सुरुवातीचे आकडे बघून फोन ते नाव स्वतःच्या यादीतून उचलतो. पोर्ट केल्यावर तुमचा मोबाइल नंबर तोच राहतो, पण हा आतला क्रमांक बदलतो. यादीत योग्य नोंद नसेल तर कॉल चालतात आणि डेटा अडकतो.

सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा, बीएसएनएलचं सिम निवडा आणि `Access Point Names` मध्ये जा. (सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधात APN टाइप करा.) तिथे नवीन नोंद करा:

```
Name: BSNL
APN: bsnlnet
APN type: default,supl
APN protocol: IPv4/IPv6
```

प्रॉक्सी, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड रिकामे ठेवा. bsnlnet सगळं लहान लिपीत, मध्ये किंवा शेवटी स्पेस नको. कीबोर्ड बऱ्याचदा शेवटी स्पेस घुसडतो आणि ती डोळ्यांना दिसत नाही. मग वरच्या तीन ठिपक्यांतून `Save` करा. नुसतं मागे गेलात तर काही फोन नोंद टाकून देतात. यादीत नव्या नोंदीसमोरचा गोल निवडा आणि एरोप्लेन मोड अर्धा मिनिट चालू करून बंद करा. `ims` प्रकारची नोंद दिसली तर तिला हात लावू नका, ती व्होल्टी कॉलसाठी असते.

आता वायफाय बंद करून सिग्नलच्या दांड्यांशेजारी बघा. 4G किंवा LTE आलं आणि तरी पानं उघडत नसतील, तर निवडलेल्या नोंदीत जुना प्रॉक्सी राहिलाय का ते तपासा. प्रोटोकॉल फक्त IPv4 करूनही बघा. नुसतं E दिसत असेल तर तुम्ही टूजीवर आहात. तिथे एपीएन बरोबर असूनही नेट रखडतं. बीएसएनएलचं फोरजी बऱ्याच ठिकाणी 700 मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे बँड 28 वर आहे, आणि काही जुन्या फोनांत तो बँडच नसतो. मॉडेलच्या माहितीत बँड 28 आहे का ते पाहा.

काहीच चिन्ह येत नसेल तर हेच सिम दुसऱ्या फोरजी फोनमध्ये घालून बघा. तिथेही डेटा आला नाही, तरच ग्राहक सेवा केंद्रात जा आणि सिमवर डेटा सेवा चालू आहे का ते तपासायला सांगा.