एंड-टू-एंड मधलं 'एंड' म्हणजे नक्की कोणतं टोक?

"व्हॉट्सॅपच्या चॅटमधे सुरुवातीला लिहिलेलं असतं की मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. यातला एंड म्हणजे काय? आणि मधेच कधीतरी अमक्याचा सिक्युरिटी कोड बदलला असं येतं, ते काय, कुणी हॅक केलं का?"

एंड म्हणजे टोक, पण टोकाला माणूस नाही हो, फोन आहे. इथेच सगळ्यांची गल्लत होते. तुमचा फोन हे एक टोक, समोरच्याचा फोन दुसरं, आणि मधे कंपनीचा सर्व्हर. मेसेज तुमच्या फोनवरून निघतानाच त्याचा गोंधळ केला जातो, त्याला एन्क्रिप्शन म्हणायचं, आणि तो गोंधळ समोरच्याच्या फोनमधेच सुटतो. तुम्ही "उद्या दहाला ये" लिहिलंत तर सर्व्हरवरून जाताना ते नुसतं अक्षरांचं कडबोळं असतं, कंपनीला ते वाचता येत नाही. मात्र कुणी कुणाला आणि किती वाजता मेसेज केला हे तिला दिसू शकतं, कारण तो पोचवायचा कुठे हे कळल्याशिवाय ती पोचवणार कसा.

आता हा गोंधळ सोडवणार कशाने, तर किल्लीने. अ‍ॅप टाकलं की फोन स्वतःच किल्ल्यांची जोडी बनवतो. त्यातली एक उघडी, ती सगळ्यांना वाटायची, ही म्हणजे उघडं कुलूपच समजा, कुणीही घ्यावं आणि निरोप पेटीत घालून खट्कन लावून टाकावं. दुसरी खाजगी, तिनेच ते उघडतं आणि ती फोनच्या बाहेर जात नाही. तुम्ही मित्राला मेसेज करता तेव्हा तुमचा फोन सर्व्हरकडून मित्राचं कुलूप मागवून घेतो. (खरी पद्धत याहून किचकट आहे, दर मेसेजला नवी किल्ली वगैरे, पण आपल्याला एवढं पुरे.)

यावरून तुमचा दुसरा प्रश्न सुटतो. किल्ली फोनमधे बनते म्हटल्यावर मित्राने नवा फोन घेतला किंवा अ‍ॅप काढून परत टाकलं की जोडी नवी होणार, आणि मग तुमच्याकडे सूचना येते की कोड बदलला. दहातल्या नऊ वेळा एवढंच असतं, घाबरायचं काही नाही. पण दुसऱ्या कुणी ओटीपी काढून घेऊन मित्राचा नंबर आपल्या फोनवर चालू केला तरी हीच सूचना अगदी याच शब्दांत येते, दोन्हीत फरक करणं अ‍ॅपला जमत नाही कारण त्याच्या लेखी दोन्ही म्हणजे नवा फोनच. म्हणून कोड बदलल्यावर लगेच पैसे मागणारा किंवा ओटीपी विचारणारा मेसेज आला तर त्या चॅटमधे उत्तर देऊ नका, साधा फोन लावा आणि विचारा, बाबा रे फोन बदललास का.

आणखी खात्री हवी तर चॅटच्या वर नावावर टॅप करून खाली एन्क्रिप्शन म्हणून आहे ते उघडा, 60 आकडे दिसतील, पाच-पाचच्या 12 गटांत, हाच तो सिक्युरिटी कोड. हे तुम्हा दोघांच्या किल्ल्यांवरून बनलेले असतात, त्यामुळे दोघांच्या फोनवर तंतोतंत सारखे पाहिजेत. भेटलात तर तिथलाच क्यूआर स्कॅन करा, नाहीतर ओळखीच्या आवाजात कॉलवर वाचून घ्या. आकडे जुळले म्हणजे सर्व्हरने मित्राच्या नावावर भलत्याचंच कुलूप दिलं नाही. रोज कुणी करत नाही हे, मीही नाही करत, पण पैशाअडक्याची बोलणी असतील तर दोन मिनिटं काढायला हरकत नाही.

आता टोकांवर काय होतं ते. फोनमधे मेसेज उघडाच असतो, त्यामुळे लॉक स्क्रीनवरचं नोटिफिकेशन शेजारचा वाचतो, समोरचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतो, यातलं काहीच एन्क्रिप्शन अडवत नाही. आणि लोकांना बहुतेक माहीत नसतं ते बॅकअपचं. गूगल किंवा अ‍ॅपलच्या क्लाउडवर चॅटचा बॅकअप जातो त्याला हे एंड-टू-एंड संरक्षण आपोआप लागत नाही, 2021 पासून त्यासाठी वेगळी सोय आहे पण ती सेटिंग्जमधे चॅट्स, चॅट बॅकअप इथे जाऊन आपण स्वतः चालू करायची. तिथे पासवर्ड ठेवा नाहीतर 64 अक्षर-अंकांची किल्ली घ्या. पासवर्ड विसरलात आणि फोनही गेला तर तो बॅकअप कंपनीलासुद्धा उघडून देता येत नाही, आणि ती किल्ली त्याच फोनच्या नोट्समधे लिहून ठेवू नका, फोन हरवल्यावरच तर ती लागणारे.