असाइनमेंट नापसंत झाल्यावर नेमका अभिप्राय कसा मागावा

प्रश्न: ठाण्यातल्या एका कंपनीने बॅकएंडच्या पदासाठी घरी करायला असाइनमेंट दिली होती. मी ती वेळेत पाठवली, पण आता ‘पुढील फेरीसाठी आपली निवड झालेली नाही’ एवढाच मेल आला आहे. नेमके काय कमी पडले हे विचारले तर चालते का? आणि कसे विचारावे?

उत्तर:

जरूर विचारावे. मात्र ‘माझे काय चुकले’ असे विचारू नये, कारण त्या प्रश्नाला बहुतेक वेळा आणखी एक ठराविक मेलच येतो. ऐरोलीतील एका सॉफ्टवेअर कंपनीत उमेदवारांच्या असाइनमेंट तपासणे हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून असे का होते ते आधी सांगतो.

तुमचे काम तपासणारी व्यक्ती आणि तुम्हाला मेल पाठवणारी व्यक्ती वेगळ्या असतात. तपासणारा इंजिनीअर आपले रोजचे काम सांभाळून तुमचा कोड उतरवून घेतो, README मध्ये लिहिल्याप्रमाणे चालवून पाहतो आणि एका ठरलेल्या तक्त्यात गुण भरतो. मागितलेल्या गोष्टी चालतात का, डेटाबेसची रचना कशी आहे, चुकीची माहिती आल्यावर काय होते, चाचण्या कशाच्या लिहिल्या आहेत, असे त्यात रकाने असतात आणि प्रत्येकापुढे एकदोन ओळींचा शेरा असतो. एचआरकडे यातला बहुधा अंतिम निकालच पोहोचतो. शेरे दिसले तरी ते उलगडून सांगणे एचआरमधील व्यक्तीला शक्य नसते आणि ते जसेच्या तसे बाहेर पाठवण्याची मुभाही तिला नसते. नकाराचे कारण लेखी दिले की काही उमेदवार त्यावर वाद घालतात, हाही अनुभव असतो, आणि खाजगी कंपनीवर कारण सांगण्याचे बंधन नसते. अशा वेळी मोघम प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर कोणीतरी तक्ता पुन्हा उघडायचा, परिच्छेदभर मजकूर लिहायचा आणि तो मंजूर करून घ्यायचा. एवढे कोणी करत नाही. याउलट प्रश्न तुमच्या कोडमधल्या एकाच निर्णयाबद्दल असेल, तर एचआर तो मेल इंजिनीअरकडे पुढे पाठवते आणि तो दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होतो.

असा प्रश्न तयार करायचा म्हणजे आधी आपला संशय कुठे आहे ते स्वतः शोधावे लागते. आपण पाठवलेलाच कोड एका नव्या फोल्डरमध्ये `git clone` करून घ्यावा आणि README मधल्या सूचना सोडून दुसरे काहीही न करता तो चालू होतो का ते पाहावे. आपल्या लॅपटॉपवर आधीपासून असलेली एखादी `.env` फाइल किंवा तयार डेटाबेस समोरच्याकडे नसतो, त्यामुळे कितीतरी चांगले काम पहिल्या पाच मिनिटांत अडकते. त्यानंतर असाइनमेंटचे मूळ पत्रक घेऊन त्यातले एकेक वाक्य कोडमध्ये नेमके कुठे पूर्ण झाले आहे ते बोट ठेवून पाहावे. हे काम कंटाळवाणे आहे, पण विचारण्याजोगा प्रश्न यातूनच सापडतो.

माझ्या ओळखीच्या, कळव्याला राहणाऱ्या एका मुलीचे उदाहरण देतो. तिने महापेच्या एका कंपनीत अर्ज केला होता. असाइनमेंट होती कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये आसन राखून ठेवण्याची: फेरी निवडायची, आसन निवडायचे, बुकिंग रद्द करता आले पाहिजे आणि रद्द झालेले आसन दुसऱ्याला मिळाले पाहिजे. तिचा कोड चालत होता, मांडणी स्वच्छ होती, तरीही नकार आला. वर सांगितल्याप्रमाणे पुन्हा तपासल्यावर तिला एक जागा खटकली. आसन रिकामे आहे का हे ती एका क्वेरीने पाहत होती आणि नोंद दुसऱ्या क्वेरीने करत होती. या दोहोंच्या मधल्या क्षणात दुसरी विनंती आली, तर दोघांनाही आसन रिकामे दिसते आणि एकच आसन दोघांच्या नावावर चढते. तिने एकाच आसनासाठी एकदम बऱ्याच विनंत्या पाठवून पाहिल्या आणि तक्त्यात त्या आसनाच्या खरोखरच एकाहून अधिक नोंदी आल्या.

निकालाच्या मेलला उत्तर म्हणून तिने जो मेल लिहिला तो मी पाहिला होता. मेल अर्थातच इंग्रजीत होता, पण आशय असा होता:

“नमस्कार, निकाल कळवल्याबद्दल आभार. निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी माझी विनंती नाही. बस-बुकिंगच्या असाइनमेंटमधील एका भागाबद्दल, ज्यांनी ती तपासली त्यांचे मत मिळाले तर मला पुढील तयारीला उपयोग होईल. `create_booking` मध्ये मी आसन रिकामे आहे का हे आधी पाहते आणि नोंद नंतर करते, त्यामुळे एकाच वेळी आलेल्या दोन विनंत्यांना तेच आसन मिळू शकते, हे मला आता दिसते आहे. निकालात या त्रुटीचा भाग मोठा होता, की चाचण्या किंवा बुकिंग रद्द करण्याचा भाग अधिक कमी पडला? एका ओळीचे उत्तरही पुरेसे आहे.”

यातले ‘फेरविचाराची विनंती नाही’ हे वाक्य पहिल्या दोन ओळींतच यायला हवे, कारण वादाची धास्ती तिथेच संपते आणि एचआरला मेल पुढे पाठवायला अडचण वाटत नाही. ‘ज्यांनी ती तपासली त्यांचे’ या शब्दांनी मेल कोणाकडे जायला हवा ते कळते. फंक्शनचे नाव दिल्यामुळे इंजिनीअरला शोधाशोध करावी लागत नाही. आणि शेवटचा प्रश्न ‘हे की ते’ अशा स्वरूपाचा आहे. ‘आणखी काय सुधारता येईल’ असे विचारले असते तर त्याला विचार करून लिहावे लागले असते. इथे त्याला फक्त निवडायचे आहे, आणि त्याच्या मनात तिसरेच कारण असेल तर तेही तो सहज सांगू शकतो. मेल निकालानंतर दोनतीन दिवसांत जावा. महिना उलटला की तपासणाऱ्याने पुढे अनेकांचे काम पाहिलेले असते आणि तुमचे त्याच्या डोक्यात राहिलेले नसते.

तिला आलेले उत्तर तीन ओळींचे होते. दोन विनंत्यांची अडचण दिसली होती, पण त्यावर पुढच्या फेरीत चर्चा करता आली असती. मुख्य त्रुटी ही की रद्द केलेले आसन पुन्हा राखता येत नव्हते, आणि पत्रकात ते स्पष्ट मागितले होते. तिने कोड उघडून पाहिले तेव्हा कारण सापडले: आसन रिकामे आहे का हे पाहताना ती त्या आसनाची कोणतीही नोंद शोधत होती, मग ती नोंद रद्द झालेली का असेना. बुकिंग रद्द करण्याची चाचणी तिने लिहिली होती, पण नोंदीची स्थिती बदलली एवढेच त्या चाचणीत पाहिले होते. तेच आसन दुसऱ्याच्या नावावर घेऊन पाहिले नव्हते.

अभिप्राय मागण्याचे मोल मला इथे दिसते. स्वतःच्या संशयावरच ती थांबली असती, तर तिने फेरी आणि आसन या दोन रकान्यांवर साधे एकमेवतेचे बंधन घातले असते. त्याने दुहेरी नोंद थांबली असती, पण रद्द झालेले आसन कायमचे अडकून राहण्याची चूक डेटाबेसमध्येच पक्की झाली असती. पोस्टग्रेसमध्ये दोन्हींवर एकच उपाय आहे, तो म्हणजे फक्त चालू बुकिंगपुरता एकमेव इंडेक्स:

```sql
CREATE UNIQUE INDEX one_seat
ON bookings (trip_id, seat_no)
WHERE status = 'booked';
```

याबरोबर आसन शोधणाऱ्या क्वेरीतही `status` ची अट घालावी लागते, आणि इंडेक्समुळे नाकारली गेलेली दुसरी विनंती पकडून ‘आसन आधीच घेतले आहे’ असे उत्तर द्यावे लागते. नाहीतर वापरणाऱ्याला नुसती सर्व्हरची त्रुटी दिसते.

आलेल्या उत्तराला आभाराची एक ओळ पाठवावी आणि तिथेच थांबावे. दुरुस्त केलेला कोड पाठवून ‘आता पाहाल का’ असे विचारू नये. तपासणाऱ्याने मनापासून उत्तर दिले आणि त्यावर लगेच नवी मागणी आली, तर पुढच्या उमेदवाराला तो उत्तर देईलच असे नाही.

उत्तर आले नाही तर आठवडाभराने एकदा, त्याच मेलच्या साखळीत, दोन ओळींची आठवण करावी. लिंक्डइनवर तपासणाऱ्याला शोधून थेट लिहिण्याचा सल्ला काही जण देतात, पण मला तो पटत नाही, कारण कंपनीच्या वाटेबाहेर उत्तर दिल्याबद्दल त्यालाच जाब विचारला जाऊ शकतो. पदासाठी दुसरा कोणी आधीच निश्चित झाला, तुमचा नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे किंवा पगाराची अपेक्षा जमली नाही, अशा कारणांनीही काम न तपासता नकार जातो, आणि मग सांगण्यासारखा अभिप्रायच नसतो. याचा थोडा अंदाज गिटहबवर घेता येतो. सार्वजनिक रेपॉझिटरीच्या `Insights` खालील `Traffic` पानावर किती वेळा पाहिले गेले आणि किती वेळा क्लोन झाले ते दिसते, मात्र मागच्या १४ दिवसांपुरतेच, म्हणून निकाल येताच ते पान पाहून घ्यावे. तुम्ही स्वतः केलेले क्लोनही त्यात मोजले जाऊ शकतात, त्यामुळे वर सांगितलेली नव्या फोल्डरमधली तपासणी त्यानंतर करावी. एकही क्लोन नसेल तर कोड चालवून पाहिला नसण्याची शक्यता आहे, पण ब्राउझरमध्ये वाचला गेला असू शकतो, तेव्हा त्यावरून कंपनीला काही सुनावू नये.

दोन्ही मेल अनुत्तरित राहिले तर हाच ‘हे की ते’ प्रश्न, पत्रकासह, तुमच्या क्षेत्रातल्या एखाद्या अनुभवी मित्राला किंवा जुन्या वरिष्ठांना विचारावा. मात्र असाइनमेंट बाहेर दाखवू नये अशी अट पत्रकात आहे का ते आधी वाचावे. तशी अट असेल तर कंपनीचे नाव आणि मूळ पत्रक बाजूला ठेवून केवळ तुम्ही लिहिलेला तो भाग आणि त्यामागचा विचार त्यांच्यासमोर मांडावा.